सांडलेला रस्सा टिपायचा कसा

आपल्याकडे घरात रस्सा सांडला तर त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. मोझॅक असो की चकचकीत टाइल, ओलं फडकं आणायचं, जोर लावून दोनदा फिरवायचं, पिळून टाकायचं, संपलं. टाइलच्या पोटात काही शिरायला जागाच नसते. सांडलेलं सगळं वरच राहतं आणि जितका जोर लावाल तितकं लवकर निघतं. ही सवय हातात इतकी मुरलेली असते की काही सांडल्याचा आवाज झाला की डोकं विचार करण्याआधी हात घासायला लागतो.

हाच हात अमेरिकेतल्या भाड्याच्या घरात घात करतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथलं कार्पेट चांगलं ठाऊक असतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खिळवलेलं, रंग बहुधा फिकट बदामी, आणि पुष्कळदा थेट जेवणाच्या टेबलाखालीही पसरलेलं. उचलून झटकता येत नाही, गच्चीत नेऊन धुता येत नाही. घर सोडताना मालक ते खाली वाकून तपासतो आणि डाग दिसला तर अनामत रकमेतून पैसे कापतो. अशा कार्पेटवर रविवारचा कोंबडीचा रस्सा किंवा दुधाळ कॉफी सांडली, तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि का, एवढाच या लेखाचा विषय आहे. पुण्या-मुंबईत आता हौसेने घेतलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या गालिच्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. लोकरीच्या गालिच्यांना मात्र नाही, त्यांची तऱ्हा वेगळी असते.

आधी पायाखाली नेमकं काय आहे ते पाहू. अमेरिकेतलं बहुतेक कार्पेट जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन शहरात आणि त्याच्या आसपास तयार होतं. या धंद्याचं मूळ एका पलंगपोसात आहे. १८९५ मध्ये तिथल्या कॅथरिन इव्हान्स नावाच्या किशोरवयीन मुलीने सुती कापडातून जाड दोरे ओवून, त्यांची टोकं कापून, फुलवून एक पलंगपोस केला. दोरे निसटू नयेत म्हणून कापड गरम पाण्यात धुऊन आकसवायचं, ही त्यातली युक्ती. आजची यंत्रं तेच काम हजारो सुयांनी करतात. खाली पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी असते, तिच्यातून कृत्रिम धाग्यांचे झुबके वर काढलेले असतात. कापड आकसवण्याऐवजी आता झुबक्यांच्या बुडाशी लॅटेक्सचा थर देऊन ते चिकटवतात. त्याखाली आणखी एक जाळी, आणि भिंतीपर्यंतच्या कार्पेटात सगळ्यात खाली फोमची जाड गादी. म्हणजे दिसते ती फक्त वरची लव. तिच्याखाली द्रव धरून ठेवू शकतील असे निदान तीन थर दडलेले असतात, आणि त्यातली फोमची गादी तर स्पंजच आहे.

वाटीभर रस्सा पडतो तेव्हा तो लगेच खाली जात नाही. कृत्रिम धाग्याला पाणी फारसं आवडत नाही. पॉलिप्रॉपिलीन तर पाणी जवळपास शोषतच नाही, पॉलिएस्टर अगदी नावापुरतं, नायलॉन थोडं जास्त. त्यामुळे द्रव काही क्षण झुबक्यांच्या टोकांवर आणि त्यांच्या मधल्या फटींत तरंगत राहतो. इथून पुढे तो कुठे जाणार हे फटींच्या रुंदीवर ठरतं. रुंद फटीतलं पाणी अरुंद फटीकडे ओढलं जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ते याच ओढीने. झुबक्यांमधली जागा रुंद असते. त्या मानाने झुबक्यातल्या तंतूंमधली, बुडाच्या जाळीतली आणि फोममधली भोकं बारीक. म्हणून कुणी काही केलं नाही तरी रस्सा हळूहळू खालीच झिरपणार.

टिपताना आपण या ओढीला दुसरी वाट देतो. सुती कापडात फटी अतिशय बारीक असतात आणि कापूस स्वतःही पाण्याचा लोभी आहे. घडी घातलेलं कापड लवेवर नीट दाबून धरलं की तंतू त्याला टेकतात, आणि खाली निघालेला द्रव वर कापडात चढतो. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. ओल्या अक्षरावर टिपकागद ठेवून दाबायचा, सरळ उचलायचा. टिपकागद कुणी घासत नसे, घासला तर अक्षराचा फराटा होई. कापड कार्पेटला टेकल्याशिवाय ओढ सुरू होत नाही, म्हणून दाब महत्त्वाचा. कापड वरचेवर नुसतं थापटल्याने काम होत नाही. आणि कापड भिजलं की त्याच्या फटी भरतात, ओढ थांबते, म्हणून दर वेळी कोरडी बाजू हवी.

घासल्याने काय होतं? पहिली गोष्ट सरळ आहे: टोकांवर असलेला द्रव आडवा पसरतो आणि तळहाताएवढा डाग ताटाएवढा होतो. दुसरी लगेच दिसत नाही. घासताना हात पुढे-मागे जातो तसा झुबका वाकतो, उघडतो, मिटतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर द्रव थोडा थोडा बुडाकडे ढकलला जातो. रश्श्यात वाटलेलं खोबरं, कांदा, तिखटाची पूड असं घन पदार्थाचं बरंच काही असतं. ते टोकांवर असताना चमच्याने निघालं असतं. घासल्यावर ते धाग्यांच्या पिळात जाऊन बसतं.

तिसरं नुकसान सगळ्यात वाईट, कारण ते भरून येत नाही. कार्पेटचा प्रत्येक झुबका पीळ दिलेल्या धाग्याचा असतो आणि तो पीळ कारखान्यात उष्णता देऊन पक्का केलेला असतो. ब्रशने किंवा खरबरीत फडक्याने घासलं की टोकाचा पीळ सुटतो, तंतू पिंजारतात. पिंजारलेल्या टोकांवरून प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परततो आणि तेवढा भाग मळकट दिसतो. डाग पूर्ण निघाला तरी ती काळपट छाया राहते, आणि मग माणूस ती डाग समजून आणखी घासतो. डाग की पिंजारलेली लव, हे ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. तो जमिनीलगत आडवा धरून चारही बाजूंनी पाहा. खरा डाग सगळीकडून सारखाच दिसतो. बाजू बदलली की उजळतो आणि काळवंडतो तो डाग नव्हे, बिघडलेला पीळ. त्यावर कुठलाही साबण चालत नाही.

आता कॉफी. तिचं काम रश्श्यापेक्षा सोपं आहे, कारण कॉफीतलं जवळपास सगळं पाण्यात विरघळतं. पण नायलॉनच्या कार्पेटवर तिच्याबाबत घाई करायला एक खास कारण आहे. नायलॉनच्या रेणूंना काही रंगांना धरून ठेवणाऱ्या जागा असतात आणि गिरणीत नायलॉन रंगवतात ते आम्लधर्मी, तापवलेल्या पाण्यातच. गरम कॉफी म्हणजे सौम्य आम्लधर्मी, तापलेलं, तपकिरी रंगाचं पाणी. ती सांडली की नायलॉनच्या दृष्टीने रंगाटी सुरू झाली म्हणायची, फक्त अगदी संथ. म्हणूनच डाग काढायला वरून पुन्हा गरम पाणी ओतणं चूक. डाग न धरणारं नायलॉन हे १९८६ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्टने स्टेनमास्टर या नावाने बाजारात आणलं. त्यातली मुख्य युक्ती हीच होती की या जागा आधीच एका रंगहीन रसायनाने भरून टाकायच्या. पॉलिप्रॉपिलीनला अशा जागाच नसतात. त्याचा रंग धागा ओढण्यापूर्वीच प्लॅस्टिकमध्ये मिसळलेला असतो, त्यामुळे काळी कॉफी त्यावर हरते.

आपली कॉफी मात्र काळी नसते, दूध-साखरेची असते. दुधातली प्रथिनं गरम पाण्याने घट्ट बसतात आणि साखर मागे राहिली तर ती जागा चिकट होऊन पुढचे महिने पायाची धूळ पकडते. कॉफी सांडली की पहिल्यांदा कोरडं टिपा, कापडाला ओल लागेनाशी होईपर्यंत. मग गार किंवा कोमट पाणी दोन-तीन चमचे शिंपडा आणि टिपा, पुन्हा शिंपडा, पुन्हा टिपा. कापडावर येणारा तपकिरी रंग दर वेळी फिका होत गेला पाहिजे. तो फिका व्हायचा थांबला पण कार्पेटवर छटा दिसते आहे, असं झालं तर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा भांडी घासायचं पातळ साबण घालून तेच करा. तरीही पिवळट कडा राहिली तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. शेवटी नुसत्या पाण्याने साबण आणि व्हिनेगर काढून घ्या. ताज्या कॉफीचं काम बहुधा साबणापर्यंतच उरकतं.

रश्श्याचं तसं नाही. तिथे पाणी बिनकामाचं ठरतं, कारण रश्श्याचा रंग पाण्यात नसतोच. हळदीतला पिवळा रंग आणि तिखटाचा लाल रंग दोन्ही तेलात विरघळणारे आहेत. वर तरंगणारी तर्री लाल दिसते आणि खालचं पाणी फिकट, ते याच कारणाने. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर पाण्याला दाद देत नाहीत, पण तेल त्यांना प्रिय. म्हणजे कॉफीत जे कार्पेट तारून नेतं तेच तर्रीत फसवतं.

समजा, दुपारच्या जेवणाला बदामी रंगाच्या पॉलिएस्टर कार्पेटवर अर्धी वाटी कोंबडीचा रस्सा उलटला. आधी लहान मुलांना आणि चपला दोघांनाही लांब ठेवा, कारण त्यावर पडलेला एक पाय टिपण्याच्या दहा दाबांवर पाणी फिरवतो. फोडी हाताने उचला. मग पसरट चमचा घेऊन डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत, मध्याकडे, हलक्या हाताने मसाला गोळा करून उचला. खरवडू नका. चमचा दर वेळी पुसून घ्या. नाही तर आता काढलेलं तेलच पुढच्या जागी लागतं.

आता कापड. जुना पांढरा पंचा, पांढरं बनियन, बिनछपाईचे किचन पेपर, यातलं काहीही चालेल. पांढरं एवढंच महत्त्वाचं. रंगीत टॉवेलचा किंवा छापील नॅपकिनचा रंग ओल्या कार्पेटवर उतरू शकतो. शिवाय पांढऱ्यावरच कळतं की किती निघालं. चार-सहा पदरी घडी करून डागावर ठेवा आणि तळहाताने, किंवा मोजे घालून टाचेने, पूर्ण वजन देऊन वीसेक सेकंद दाबा. सरळ वर उचला. कोरडी बाजू लावा, पुन्हा दाबा. खाली फोम असेल तर दाब काढताना तो फुगतो आणि थोडा द्रव खाली खेचतो, म्हणून दोन दाबांमध्ये वेळ घालवू नका. पहिलं कापड गच्च लाल होईल, दुसरं नारिंगी, तिसरं-चौथं नुसतं पिवळट. बहुतेकांना इथेच वाटतं की आता पाणी ओतावं. ओतू नका. कोरडं टिपून निघणारं निघून जाईपर्यंत वरून काहीही घालणं म्हणजे उरलेल्या तर्रीला खाली जायला वाहन देणं.

त्यानंतर साबणाचं पाणी: कपभर कोमट पाण्यात पाव चमचा, त्याहून जास्त नाही. तेलाचे थेंब वेढून पाण्यात सोडणं हे साबणाचं काम, आणि त्याला पाव चमचा पुरतो. जास्त घातलेला साबण काढायला मग चौपट पाणी लागतं आणि मागे राहिला तर वर्षभर धूळ धरतो. कापड या पाण्यात बुडवून पिळा, कडेपासून आत दाबत या, दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या, मग कोरड्या कापडाने टिपा. तिखटाची लाली आणि तेलाचा बहुतेक भाग अशा तीन-चार फेऱ्यांत निघतो. हळद उरते.

हळदीचा स्वभाव मराठी घराला नव्याने सांगायला नको. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते लाल होतं. पांढऱ्या शर्टावरच्या वरणाच्या डागाला कपड्यांचा साबण लावला की तो डाग विटकरी होतो, हेही त्याच प्रकारचं. क्षार लागला की हळदीचा रंग बदलतो. म्हणून कार्पेटवरच्या रश्श्याला सोडा, कपड्यांची पावडर, भांड्याची वडी किंवा अमोनियाचं काचपुसणं लावायचं नाही. पिवळा डाग घालवायला जाऊन लाल डाग मिळतो. घाईत लावलंच असेल तर वर सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी त्यावर टिपा, लाली पुन्हा पिवळ्यावर येते. कपड्यांच्या पावडरीत आणखी एक गोम आहे. तिच्यात कापड उजळ दाखवणारी द्रव्यं असतात, ती धाग्यांवर बसतात आणि बदामी कार्पेटवर एक पांढुरका ठिपका कायमचा राहतो. डागापेक्षा तो जास्त नजरेत भरतो.

उरलेल्या पिवळ्यावर उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. अमेरिकेत औषधांच्या दुकानात ते ७० टक्क्यांचं, रबिंग अल्कोहोल या नावाने मिळतं. नावात घासणं असलं तरी इथे घासायचं नाही. हळद पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, हे त्यामागचं कारण. ते आधी कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कार्पेट कुणाला दिसत नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर घेऊन दाबून पाहा. कापडावर कार्पेटचा रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला तर कापड नुसतं ओलसर करून डागावर दाबा, कापडावर पिवळं उमटेल, बाजू बदला, पुन्हा दाबा. बाटलीतून थेट ओतायचं नाही. बुडाचं लॅटेक्स अशा द्रवाने मऊ पडू शकतं आणि मग झुबके सुटायला लागतात. खिडकी उघडी ठेवा, शेगडी आणि देवघरातला दिवा बंद असल्याची खात्री करा.

नंतर नुसतं पाणी शिंपडून टिपा. बोटांना बुळबुळीत लागत असेल तर साबण अजून आहे, पुन्हा पाणी, पुन्हा टिपणं. आणि मग सगळ्यांकडून राहून जाणारी पायरी. कोरड्या पांढऱ्या कापडाची किंवा किचन पेपरची बोटभर जाड चळत त्या जागेवर ठेवा, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर जाडजूड पुस्तकं किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. रात्रभर तसंच राहू द्या.

ही पायरी का लागते? डाग पूर्ण निघाला म्हणून माणूस झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच हजर असतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की लोक साबणाला दोष देतात. खरं म्हणजे डाग परत येत नाही, खालून वर येतो. बुडाशी राहिलेली ओल सुकताना पाणी लवेच्या टोकांवरून उडतं, त्याची जागा घ्यायला खालचं पाणी धाग्यांतून वर चढतं आणि येताना विरघळलेला रंग घेऊन येतं. पाणी हवेत जातं, रंग टोकावर राहतो. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाची कड गडद आणि मधला भाग फिका का, याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेचर या नियतकालिकात दिलं. कडेला पाणी लवकर उडतं, आतलं पाणी तिकडे वाहतं आणि कण कडेला नेऊन टाकतं. कार्पेटमध्ये हेच उभ्या दिशेने घडतं. कापडाची चळत ठेवली की बाष्पीभवन लवेच्या टोकावर न होता कापडात होतं आणि वर आलेला रंग तिथे जाऊन बसतो. सकाळी खालच्या एक-दोन पेपरांवर फिकट तपकिरी नक्षी दिसली, तर समजा की आदल्या दिवशी कार्पेटच्या बुडाशी बरंच काही शिल्लक होतं.

चळत न ठेवता डाग परत वर आला, तरी नव्याने साबण लावायची गरज नसते. दोन चमचे नुसतं पाणी, टिपणं आणि एक रात्र चळत. फक्त फोमपर्यंत मोठा मग रिकामा झाला असेल तर या उपायाची मर्यादा येते. दुधाळ कॉफी फोममध्ये मुरली की दोन-तीन दिवसांत आंबट वास येतो आणि वरून कितीही टिपलं तरी तो जात नाही. तिथे पाणी सोडून लगेच जोराने ओढून घेणारं यंत्रच लागतं, आणि कधीकधी तेवढी गादी कापून बदलावी लागते.

इतकं करूनही कार्पेटवर हळदीची पुसटशी झाक राहिली तर दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली फुकट आहे: ऊन. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, म्हणून डाग धुऊन उन्हात टाकलेला रुमाल संध्याकाळी पांढरा होतो. सुटा गालिचा असेल तर गॅलरीत टाका. खिळवलेलं कार्पेट हलत नाही, पण डाग खिडकीजवळ असेल तर पडदे आठवडाभर उघडे ठेवून पाहायला काय हरकत आहे? दुसरी गोष्ट म्हणजे औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते रंग मोडतं, आणि नेमका तोच धोका आहे. पॉलिप्रॉपिलीनचा रंग प्लॅस्टिकच्या आत असल्याने त्याला सहसा काही होत नाही. नायलॉनचा रंग मात्र उतरू शकतो. कोपऱ्यात थोडं लावून तासभर वाट पाहिल्याशिवाय ते मध्यभागी नेऊ नका. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकत्र मिसळू नका, त्यातून झोंबणारं आम्ल तयार होतं. कपडे पांढरे करायचं ब्लीच तर या खोलीतच आणू नका. नायलॉनवर ते डागाबरोबर कार्पेटही उडवतं आणि व्हिनेगरशी मिसळलं तर त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मिठाबद्दल, बेसनाबद्दल आणि टाल्कम पावडरीबद्दल प्रत्येक घरात एक ठाम मत असतं. पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर लवेवरचं कोरडं तेल थोडंफार शोषतं, हे खरं आहे. पण रश्श्यात तेलाबरोबर पाणीही असतं. त्यावर पीठ टाकलं की चिखल होतो, तो सुकून झुबक्यांच्या तळाशी बसतो आणि व्हॅक्यूम क्लीनरलाही दाद देत नाही. बेसनाचा तर स्वतःचाच पिवळा रंग. त्या पाच मिनिटांत पांढरं कापड दाबणं हे या सगळ्यांपेक्षा जास्त काम करतं आणि नंतर निस्तरायला काही उरत नाही.

आपलं कार्पेट कशाचं आहे हे माहीत नसेल तर सांडायच्या आधीच कधीतरी पाहून ठेवा. कपाटाच्या आतल्या कडेचा एखादा झुबका कात्रीने कापा, साबणाच्या पाण्यात चुरगाळून त्यातली हवा काढा आणि पाण्याच्या पेल्यात सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, ते पाण्यापेक्षा हलकं असतं. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तेव्हा ते नायलॉनच आहे असं धरून चाला, म्हणजे कॉफीच्या वेळी घाई होईल आणि पेरॉक्साइडच्या वेळी होणार नाही.

आणि शेवटी कार्पेट धुणाऱ्याला बोलवावं लागलं तर त्याला डाग नुसता दाखवू नका. काय सांडलं, कधी सांडलं आणि त्यावर तुम्ही काय काय लावलं, हे सगळं सांगा. सोडा लावला असेल तर तेही, लाज न बाळगता. त्याने आधी आम्लधर्मी पाणी घ्यायचं की साबण, वाफेचं यंत्र लावायचं की नाही, हे त्यावरच ठरतं. हळदीच्या ताज्या डागावर आधी वाफ मारणारा भेटला तर त्याला थांबवा आणि दुसरा शोधा.